शुभेच्छा कानाने वाचताना

मागच्या वाढदिवसाला मावशीचा एक संदेश आला. पडद्यावर तो असा होता:

🎂🎉🎉🎉 वाढदिवसाच्या ❤️ पासून शुभेच्छा 🙏🏽🙏🏽🙏🏽 संध्याकाळी फोन करते

मला दिसत नाही, त्यामुळे मी फोन कानाने वाचते. स्क्रीन रीडरने मला जे ऐकवलं ते साधारण असं होतं: "बर्थडे केक पार्टी पॉपर पार्टी पॉपर पार्टी पॉपर वाढदिवसाच्या रेड हार्ट पासून शुभेच्छा फोल्डेड हँड्स मीडियम स्किन टोन फोल्डेड हँड्स मीडियम स्किन टोन फोल्डेड हँड्स मीडियम स्किन टोन संध्याकाळी फोन करते."

मावशीने स्वतः लिहिलेले शब्द सहा आहेत. इमोजींच्या नावांचे शब्द मोजले तर पंचवीस होतात. शिवाय त्या सहांतले सगळ्यात कामाचे तीन शब्द, म्हणजे संध्याकाळी फोन येणार आहे ही बातमी, हातांच्या तिसऱ्या फेरीनंतर येतात. दिवसभरात असे बरेच संदेश ऐकणारा माणूस दुसऱ्या फेरीलाच बोट फिरवून पुढच्या संदेशावर गेलेला असतो. संदेश पाहणाऱ्याची नजर तीन हातांवरून क्षणात पुढे सरकते. कानाला तशी उडी मारता येत नाही. गप्पांच्या ॲपमध्ये एक संदेश हा स्क्रीन रीडरच्या दृष्टीने बहुतेक वेळा एकच घटक असतो. तो पूर्ण ऐकायचा किंवा सोडून पुढे जायचं. शब्दागणिक आत शिरता येतं, पण त्यासाठी वेगळी खटपट करावी लागते आणि शुभेच्छांच्या संदेशासाठी ती कोणी करत नाही.

असं का होतं ते समजून घेतलं की संदेश कसा लिहायचा तेही आपोआप सुचू लागतं. इमोजी आपल्याला चित्र वाटतं, पण फोनच्या लेखी ते एक अक्षर आहे. जोडलेल्या हातांचा क्रमांक U+1F64F. जगभरच्या अक्षरांना असे क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये ते २०१० साली आलं तेव्हाच त्याला एक इंग्रजी नावही मिळालं. पुढे सीएलडीआर नावाच्या सामाईक कोशात अशा चिन्हांची सुटसुटीत नावं वेगवेगळ्या भाषांमध्ये जमवली गेली आणि त्यात मराठीही आहे. स्क्रीन रीडर किंवा त्याच्यासाठी बोलणारा आवाज अक्षराचा क्रमांक पाहतो, आपल्याजवळच्या कोशात नाव शोधतो आणि ते वाक्यात जिथल्या तिथे बोलून मोकळा होतो. कोणाच्या फोनवर मराठी नाव ऐकू येतं, कोणाच्या फोनवर मराठी आवाज इंग्रजी नाव उच्चारतो, तर कुठे आवाज मध्येच बदलून इंग्रजी बाई बोलायला येतात. चिन्ह तेच असलं तरी ऐकू काय येणार हे कोणता आवाज बसवला आहे, कोश किती जुना आहे आणि सेटिंग काय आहे, यावर ठरतं.

नाव असतं ते चित्राचं. पाठवणाऱ्याच्या मनात काय होतं हे कोशाला ठाऊक नसतं. मावशीचे जोडलेले हात कधी नमस्कार असतात, कधी आभार, कधी "देवा, सांभाळ रे बाबा", आणि कधी "पुरे आता, हात जोडते" असाही त्यांचा अर्थ असतो. मला चारही वेळा एकच ऐकू येतं: फोल्डेड हँड्स. बघणाराही अर्थाचा अंदाजच बांधतो हे खरं, पण त्याला निदान चित्राची ऊब मिळते. मला एका अवयवाचं वर्णन मिळतं. त्यात कातडीचा रंग निवडलेला असेल तर तोही वाचला जातो, कारण रंग हे पुढे जोडलेलं वेगळं चिन्ह असतं. स्वतःसारखा रंग निवडण्यामागची भावना मला कळते आणि तो निवडू नका असं मी कोणालाच सांगणार नाही. फक्त तीन वेळा पाठवलेला रंग तीन वेळा ऐकावा लागतो, एवढं ध्यानात असू द्यावं.

पुनरुक्तीबद्दल सगळे स्क्रीन रीडर सारखे वागत नाहीत. काही ठिकाणी सलग आलेली एकसारखी चिन्हं मोजून एकदाच सांगितली जातात, काही ठिकाणी एकेक करून. म्हणून "माझ्या ओळखीतल्या एकाचा फोन तर मोजून सांगतो" यावर विसंबू नये. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणाऱ्या चेहऱ्याचं इंग्रजी नाव पाच शब्दांचं आहे, फेस विथ टिअर्स ऑफ जॉय. असे सहा चेहरे ओळीने आले की तीस शब्द होतात. विनोद कितीही चांगला असला तरी तिसाव्या शब्दापर्यंत हसू टिकत नाही.

इमोजींच्या संख्येपेक्षा मला त्यांची जागा जास्त अडचणीची वाटते. मावशीच्या संदेशात लाल हृदय वाक्याच्या पोटात आहे आणि तिथे ते शब्दाचं काम करतं. "हृदयापासून" लिहायचं होतं, "हृदया"च्या जागी चित्र आलं आणि "पासून" सुटं पडलं. पाहणारा हे चटकन जोडून घेतो. ऐकताना "वाढदिवसाच्या रेड हार्ट पासून शुभेच्छा" असं येतं आणि क्षणभर वाटतं की रेड हार्ट नावाच्या कुठल्या मंडळाने शुभेच्छा पाठवल्या आहेत. मराठीत हे जास्त जाणवतं, कारण आपला शब्द वाक्यात बसतो तो प्रत्यय लागल्यावर. घर, घरी, घराला, घरातून असं शब्दाचं रूप बदलतं. चित्राला सामान्यरूप नसतं. "तुझ्या 🏠ला येते" असं लिहिलं की ऐकणाऱ्याला इंग्रजी नाव, मग एक लटकलेला "ला", आणि त्या दोन्हींतून मूळ शब्द स्वतः शोधायचा. म्हणून शब्दाच्या जागी चित्र नको, हे एवढं एक तरी मी सगळ्यांना आवर्जून सांगते.

शेवटी आलेलं इमोजी त्या मानाने गुणी असतं. वाक्य संपलेलं असतं, अर्थ पोचलेला असतो, आणि मग एखादं "स्मायलिंग फेस" ऐकू आलं तर बरंच वाटतं. मात्र वाक्य खरोखर संपलं पाहिजे. "धन्यवाद😊" असं चिकटवून लिहिलं की आवाज थांबत नाही आणि "धन्यवाद स्मायलिंग फेस विथ स्मायलिंग आइज" असं एका दमात बाहेर पडतं, जणू त्या चेहऱ्याचेच आभार मानले आहेत. "धन्यवाद. 😊" असं लिहिलं की पूर्णविरामाला आवाज खाली उतरतो, श्वासाएवढा थांबतो, आणि चेहरा वेगळा ऐकू येतो. एक टिंब आणि एक मोकळी जागा, एवढ्याने हा फरक पडतो. गप्पांमध्ये पूर्णविराम दिला की माणूस रागावलाय असं हल्ली समजतात. मला तो पूर्णविराम हवाच असतो.

हे झालं इमोजींचं. त्यांच्याही आधीपासून लोक कळफलकावरची चिन्हं जुळवून हसू आणि नमस्कार काढत आले आहेत, आणि ते अजून चालू आहे. संगणकावर मी NVDA वापरते. हा विंडोजवरचा मोफत स्क्रीन रीडर आहे. विरामचिन्हं किती बोलायची याच्या त्यात पायऱ्या आहेत: काहीच नाही, थोडी, बरीच, सगळी. NVDA ची कळ धरून P दाबलं की पायरी बदलते. मुळात तो "थोडी"वर असतो, आणि या पायरीवर इंग्रजी कोशानुसार काय ऐकू येतं ते पाहा. `:-)` मधली तिन्ही चिन्हं वरच्या पायरीवरची, म्हणून काहीच ऐकू येत नाही. हसू आलं आणि गेलं, मला पत्ताही लागत नाही. `<3` हे हृदय "लेस थ्री" होतं, म्हणजे तीनपेक्षा कमी. आणि `_/\_` हा रेषांनी काढलेला नमस्कार: यातली उभी तिरकी रेघ "थोडी"त मोडते, उलटी रेघ आणि अधोरेषा मोडत नाहीत. तेव्हा वडीलधाऱ्यांनी मोठ्या आदराने पाठवलेल्या नमस्कारातून माझ्या कानापर्यंत फक्त "स्लॅश" पोचतो. पायरी "सगळी"वर नेली तर चारही चिन्हं ऐकू येतात, पण मग प्रत्येक स्वल्पविरामही ऐकावा लागतो आणि साधा मजकूर वाचणं असह्य होतं. "नमस्कार" हा शब्द मात्र कुठल्याही पायरीवर "नमस्कार" असाच ऐकू येतो.

नक्षीच्या अक्षरांचंही असंच आहे. 𝓗𝓪𝓹𝓹𝔂 असं वळणदार लिहिलेलं दिसतं तो फॉन्ट नसतो. गणितातल्या सूत्रांसाठी राखून ठेवलेली ती वेगळी अक्षरं असतात. त्यातल्या पहिल्याचं अधिकृत नाव मॅथेमॅटिकल बोल्ड स्क्रिप्ट कॅपिटल एच असं आहे. काही आवाज हे नाव अक्षरागणिक म्हणतात, काही आवाज सगळा शब्दच गिळतात आणि शुभेच्छेच्या जागी शांतता येते. NVDA मध्ये २०२४ साली अशी अक्षरं साध्या अक्षरांत बदलून वाचण्याची सोय आली, पण ती प्रत्येकाने चालू केलेली असेलच असं नाही. नावाच्या दोन्ही बाजूंना ꧁ ꧂ अशी महिरप काढतात, तीही जावानीज लिपीतली चिन्हं आहेत. आवाजाला ती लिपी येत असण्याची शक्यता फार कमी. फुलांच्या चित्रावर लिहिलेल्या "शुभ सकाळ"बद्दल तर बोलायलाच नको. वर्णन जोडलेलं नसेल तर बहुतेक वेळा मला "फोटो" एवढंच ऐकू येतं.

मराठीपुरती एक गोष्ट मात्र थोडी थांबून सांगते, कारण ती कोणाच्या लक्षात येत नाही. प्रेम उतू जायला लागलं की लोक "खूूूूप छान" लिहितात. पडद्यावर ते ओढून म्हटल्यासारखं दिसत असेल. पण ऊकाराची मात्रा व्यंजनाला टेकून उभी राहणारी आहे. पहिली मात्रा "ख"ला लागली, उरलेल्या तिघींना टेकायला व्यंजनच नाही. काही फोन तिथे ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ काढतात. आवाज एक तर जास्तीच्या मात्रा टाकून देतो किंवा शब्दाच्या मध्येच अडखळतो. ओढून म्हटलेला "खूप" काही निघत नाही. आपल्याकडे यावर तयार उपाय आहे, तो म्हणजे द्विरुक्ती. "खूप खूप छान" हे कुठल्याही आवाजात छान ऐकू येतं. "हाहाहा"सुद्धा चालतं, कारण तिथे प्रत्येक "हा" पूर्ण अक्षर आहे.

मावशीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तिने आधी विचारलं, "मग काय, चित्रं टाकूच नकोस म्हणतेस का मला?" मी म्हटलं, "तसं नाही गं. मीही टाकते. तू आधी मला बोल, आणि मग चित्र टाक." ती शाळेत शिकवायची, त्यामुळे तिला लगेच उदाहरण हवं होतं. त्याच दिवशी तिच्या मैत्रिणींच्या गटात कोणीतरी तिचं कौतुक केलं होतं. त्या गटात माझ्यासारख्याच फोन ऐकणाऱ्या एक बाई आहेत. मावशीने उत्तराचा मसुदा मला वाचून दाखवला:

🙏🙏 Thx all 😊😊 तुमच्या सर्वांच्या 💐 मुळे 😍 झाले!!!! lots of <3

आम्ही तो एकेक करत उलगडला. सुरुवातीचे दोन हात काढले, कारण उत्तर कशाबद्दल आहे हे कळण्याआधीच ते चार शब्द खातात. "Thx" हा इंग्रजी शब्द नाही आणि मराठीही नाही. आवाज तो कसाबसा उच्चारेल किंवा अक्षरं सुटी म्हणेल. मग मी विचारलं, "या गुच्छामुळे म्हणजे कशामुळे?" ती म्हणाली, "अगं, त्यांच्या शुभेच्छांमुळे." "आणि डोळ्यांत बदाम असलेला चेहरा झाले म्हणजे?" ती जराशी थांबली आणि म्हणाली, "भरून आलं मला." हेच लिहायचं होतं आणि नेमकं हेच संदेशात नव्हतं. चित्राच्या आड एक अगदी खरं वाक्य होतं. ते कानाने वाचणाऱ्या बाईंना मिळालं नसतं, आणि डोळ्यांनी वाचणाऱ्यांनाही अंदाजानेच मिळालं असतं.

शेवटी तिने हे पाठवलं:

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. तुमच्या शुभेच्छा वाचून खरंच भरून आलं. असंच प्रेम राहू द्या. 🙏

हे मी माझ्या फोनवर ऐकलं. तीन वाक्यं, प्रत्येकाच्या शेवटी विसावा, आणि मग एकदाच "फोल्डेड हँड्स". इथे ते खटकत नाही, कारण आभार आधीच मानून झालेले आहेत, हातांनी फक्त दुजोरा दिला. क्रियापद असलेली पूर्ण वाक्यं यंत्राच्या आवाजात नीट बसतात, कारण वाक्यातला चढउतार तो आवाज शब्दांच्या रचनेवरून आणि विरामचिन्हांवरून ठरवतो. नुसते तुकडे दिले की तो ते यादी वाचल्यासारखे वाचतो.

एक जागा अजून नाजूक आहे, ती म्हणजे थट्टा. माझा भाऊ उशिरा उत्तर देणाऱ्याला लिहितो, "आलास का एकदाचा 😂". बघणारा वाक्य आणि चेहरा एका नजरेत घेतो. मला आधी सपाट आवाजात "आलास का एकदाचा" ऐकू येतं, ते अगदी खेकसल्यासारखं वाटतं, आणि खुलासा पाच इंग्रजी शब्दांनी मागून येतो. तोवर मन थोडं दुखावलेलं असतं. यावर उपाय शब्दांतच आहे. "आलास का रे बाबा एकदाचा, वाट बघून डोळे दुखले" यात थट्टा वाक्याच्या आतच आहे. "रे बाबा" म्हटलं की आवाज कितीही यंत्राचा असो, राग उरत नाही. अगं, बरं का, हो ना, बाई, राजा अशा शब्दांनी आपण बोलताना स्वर सांभाळतो. लिहिताना तेच शब्द आपण इमोजींवर सोपवून दिले. ते परत लिहू लागलो तर ऐकणाऱ्याला माणूस बोलल्यासारखं वाटतं.

एकट्या इमोजीचं उत्तर वाईटच असतं असं मात्र मी म्हणणार नाही. "पाच वाजता येऊ का?" याला आलेला एक 👍 मला "थम्ब्स अप" असा ऐकू येतो आणि काम होतं. प्रश्न नेमका असला आणि चिन्हाला एकच अर्थ असला की नावही पुरतं. कौतुक, सांत्वन, आभार यांत तसं होत नाही. आजारपणाच्या बातमीखाली आलेले जोडलेले हात धीर देतात की प्रार्थना करतात की नुसतं "वाचलं" म्हणतात, हे मला शब्दांशिवाय कळत नाही.

पाठवण्याआधी तपासायचं असेल तर फोनमध्येच सोय आहे. आयफोनवर निवडलेला मजकूर बोलून दाखवण्याची आणि अँड्रॉइडवर बोट ठेवलेला मजकूर वाचण्याची सेवा ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये चालू करता येते. पूर्ण स्क्रीन रीडर चालू करण्याची गरज नाही. त्याने फोन हाताळायची सगळी पद्धतच बदलते आणि सवय नसलेला माणूस गोंधळून जातो. पण तुमच्या फोनवर जे ऐकू आलं तेच समोरच्याच्या फोनवर ऐकू येईल याची खात्री नसते. म्हणून मावशीला मी यंत्राशिवायची युक्ती सांगितली. संदेश दोनदा मोठ्याने वाचायचा. एकदा प्रत्येक चित्राच्या जागी त्याचं नाव म्हणत, कातडीच्या रंगासकट, जितक्या वेळा असेल तितक्या वेळा. दुसऱ्यांदा सगळी चित्रं आणि चिन्हं पूर्ण गाळून. पहिल्या वाचनात दम लागला तर चित्रं जास्त झाली. दुसऱ्या वाचनात अर्थ तुटला तर एखाद्या चित्राने शब्दाची जागा घेतली आहे, तो शब्द शोधून लिहायचा. मावशी आता हे तिच्या गटातल्या इतरांनाही करायला लावते, आणि परवा त्या ऐकणाऱ्या बाईंनी तिला विचारलं की हल्ली सगळ्याजणी एवढं नीट कशा काय बोलायला लागल्या.